सलूनच्या भिंतीवरचे तीन कागद

बऱ्याच सलूनमध्ये आरशाशेजारी ‘स्वच्छता राखा’ अशी पाटी असते. पाटी खरी असली तरी कामाची नसते, कारण तिच्यातून काय करायचं ते कळत नाही. एक कारागीर कंगवा फडक्याला पुसतो, दुसरा नळाखाली धरतो, तिसरा फुंकर मारून पुढच्या गिऱ्हाइकाच्या डोक्याला लावतो. तिघांनाही आपण स्वच्छता राखली असंच वाटतं. मालक दुकानात असेल तेव्हा काम एका रीतीने होतं आणि तो लग्नाला गेला की दुसऱ्या रीतीने. यावर उपाय म्हणजे कामाची पद्धत लिहून काढणं आणि तिची यादी भिंतीवर लावणं.

पद्धत आणि यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पद्धतीत काम सविस्तर लिहिलेलं असतं. नव्या कारागिराला ती एकदा करून दाखवायची आणि वही गल्ल्याजवळ ठेवायची. यादी फक्त आठवणीसाठी असते. आठ-नऊ ओळींची, उभ्याउभ्या वाचता येईल अशी. पद्धतच भिंतीवर चिकटवली तर कुणी वाचत नाही आणि नुसती यादी दिली तर नव्या माणसाला काम कळत नाही.

कंगव्याचंच उदाहरण घेऊ. ‘कंगवे स्वच्छ करणे’ ही ओळ निरुपयोगी आहे. वहीत असं लिहावं: कंगव्यात अडकलेले केस काढा. साबणाच्या पाण्यात ब्रशने घासा. धुऊन पाणी निथळू द्या. मग जंतुनाशक द्रावणात पूर्ण बुडवून दहा मिनिटं ठेवा. साध्या पाण्याने धुवा, कोरडा करा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा.

हा क्रम बदलून चालत नाही. केस, तेल आणि साबणाचा फेस राहिला तर द्रावणाची ताकद त्यातच खर्च होते, म्हणून आधी धुणं आणि मग बुडवणं. दहा मिनिटांचंही तसंच आहे. बुडवून लगेच काढलेला कंगवा फक्त ओला झालेला असतो.

द्रावण कसलं, तेही लिहायला हवं. बाजारात मिळणारं सोडियम हायपोक्लोराइट साधारण ५ टक्क्यांचं असेल तर १०० मिली घेऊन त्यात ९०० मिली पाणी घालावं. एक लिटर द्रावण तयार होतं. बाटलीवर टक्केवारी वेगळी असेल तर मापही बदलतं, म्हणून आपल्या बाटलीचं माप वहीत लिहून ठेवावं. ते दिवसागणिक कमजोर होतं, त्यामुळे रोज सकाळी नवं करायचं आणि भांड्यावर तारीख टाकायची. त्यात कात्री किंवा वस्तऱ्याचा दांडा बुडवू नये, धातू गंजतो. धातूची हत्यारं धुऊन, कोरडी करून ७० टक्के अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं ठेवावीत. ट्रिमर बुडवता येत नाही. प्लग काढून पात्यातले केस ब्रशने झाडायचे, पातं अल्कोहोलने ओलं करून वाळू द्यायचं आणि मग तेलाचे एक-दोन थेंब. निळ्या दिव्याच्या पेटीवर भरवसा ठेवू नये. तिचा प्रकाश जिथे पडतो तिथेच काम करतो, कंगव्याच्या दातांच्या मधे पोहोचत नाही. स्वच्छ केलेलं सामान ठेवायला ती ठीक आहे.

आता खरी अडचण येते. एका खुर्चीवर कटिंगला पंचवीस मिनिटं लागतात आणि पुढचा माणूस बाकावर वाट बघत असतो. कंगवा धुऊन, बुडवून, कोरडा करायला पंधरा मिनिटं जातात. खुर्चीमागे एकच कंगवा असेल तर कारागीर दहा मिनिटं थांबणार नाही, यादीत काहीही लिहिलेलं असो. म्हणून प्रत्येक खुर्चीला कंगवा-कात्रीचे दोन संच हवेत, एक हातात आणि एक द्रावणात. रविवारच्या गर्दीसाठी तिसरा. पद्धत लिहिताना हा हिशेब केला नाही तर कागद पहिल्या रविवारीच मोडतो.

तीन खुर्च्यांच्या सलूनसाठी याद्या साधारण अशा होतील.

उघडताना:
– टाकीत पाणी आहे का, नळ सोडून पाहिला
– नवं द्रावण केलं, भांड्यावर तारीख टाकली
– धुतलेले नॅपकिन मोजून ठेवले
– पात्यांचं पाकीट मोजलं, आकडा वहीत लिहिला
– ट्रिमर चार्ज आहेत, चालवून पाहिले
– आरसे, खुर्च्यांचे हात पुसले
– सुट्टे पैसे गल्ल्यात, क्यूआर कोड जागेवर

प्रत्येक गिऱ्हाइकानंतर:
– जमिनीवरचे केस झाडले
– कंगवा-कात्री धुऊन द्रावणात, अल्कोहोलमध्ये
– वापरलेलं पातं जाड डब्यात टाकलं
– नॅपकिन धुण्याच्या बादलीत
– खुर्चीचे हात, मान टेकायची जागा पुसली
– हात साबणाने धुतले

बंद करताना:
– वॅक्स हीटर, स्ट्रेटनर, गीझर बंद, प्लग काढले
– सगळी हत्यारं धुऊन कोरडी, डब्यात
– द्रावण ओतून भांडं धुतलं
– नॅपकिन गरम पाण्यात धुऊन वाळत घातले
– आधी कपाटं, मग खुर्च्या, शेवटी फरशी पुसली
– उरलेली पाती मोजली, गल्ला आणि यूपीआय जुळवलं
– केराची पिशवी बांधून बाहेर

फरशी शेवटी, कारण वरून झाडलेले केस खालीच पडतात. संडास धुणाऱ्या माणसासाठी वहीत एक ओळ ठळक हवी: ॲसिड आणि हायपोक्लोराइट कधीही एकत्र ओतू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि छोट्या बंद खोलीत तो जीवघेणा ठरू शकतो.

सगळ्यात जास्त जपायचं ते वस्तऱ्याला. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो, आणि दाढी करताना दिसणारही नाही एवढी जखम सहज होते. तुरटीचा एकच खडा दिवसभर सगळ्यांच्या गालावर फिरवणं म्हणूनच वाईट. तुरटीचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवलं की काम तेच होतं आणि कुणाचं काही कुणाला लागत नाही.

याद्या भरल्या जातात, पण काम झालं की नाही हे कसं ओळखायचं? आठवड्याच्या सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच ओघात असतील तर त्या शनिवारी बसून केल्या असं समजावं. त्यापेक्षा सामानाचा खप खरं सांगतो. एक पातं मोडून दोन दाढ्या होतात. दिवसभरात ४० दाढ्या झाल्या असतील तर पाकिटातली २० पाती कमी व्हायला हवीत. १२ च कमी झाली असतील तर सोळा माणसांना दुसऱ्याचं पातं लागलेलं आहे. म्हणून पाती सकाळी आणि रात्री मोजायची.

पंधरा दिवसांनी यादी पुन्हा वाचावी. एखादी ओळ रोज रिकामी राहत असेल तर कारागिरावर ओरडण्याआधी कारण विचारावं. नॅपकिन धुतले जात नसतील तर कदाचित रात्री नळाला पाणीच नसतं. तिथे ओळ खोडायची नाही, नॅपकिनची संख्या वाढवायची आणि धुणं सकाळी घ्यायचं.

गिऱ्हाइकांनीही एवढं करावं: वस्तऱ्यात नवं पातं आपल्यासमोर घालायला सांगावं. ज्या सलूनमध्ये पद्धत ठरलेली आहे, तिथल्या कारागिराला याचा राग येत नाही. तो तुम्ही सांगायच्या आतच पाकीट उघडतो.