टायर, डास आणि कलम 20

पावसाळ्याच्या तोंडावर नगरपालिकेचे कर्मचारी गच्चीवरचे जुने टायर हलवायला का सांगतात, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. टायरच्या पोकळीत पाणी साचतं, ते सहजासहजी सुकत नाही आणि तिथं डेंगीचे डास वाढतात. ब्राझीलनं नेमकं हेच कारण देऊन परदेशी टायरांना बंदरावर अडवलं आणि त्यावरून 2005 साली युरोपीय समुदायानं (म्हणजे आजच्या युरोपीय संघानं) त्याला जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा निवारणात खेचलं. या खटल्यात ब्राझीलचं आरोग्याचं म्हणणं मान्य झालं, तरी ब्राझील हरला. असं कसं झालं ते समजून घेतलं, की जागतिक व्यापाराच्या कायद्यातले दोन मुख्य नियम आणि त्यांना असलेला अपवाद, दोन्ही समजतात.

आधी नियम पाहू. ‘सर्वाधिक पसंतीचं राष्ट्र’ हे शब्द आपण फेब्रुवारी 2019 मध्ये वर्तमानपत्रांत वाचले. पुलवामाच्या हल्ल्यानंतर भारतानं पाकिस्तानला 1996 साली दिलेला हा दर्जा काढून घेतला आणि तिथून येणाऱ्या मालावर 200 टक्के आयात शुल्क बसवलं. तेव्हा अनेकांना वाटलं, शत्रूला असा मान इतकी वर्षं का दिला होता? पण त्यात मानपान काहीच नव्हता. गॅट कराराच्या पहिल्याच कलमात प्रत्येक सदस्यावर टाकलेलं ते बंधन आहे: एका देशाच्या मालाला जी सवलत द्याल, ती तशाच प्रकारच्या मालासाठी सगळ्या सदस्य देशांना लगेच आणि विनाअट द्या. थोडक्यात, परक्यापरक्यांत भेद नको.

दुसरं बंधन कलम 3 मधलं, ‘राष्ट्रीय वागणूक’ या नावाचं. सीमेवर शुल्क भरून माल एकदा आत आला, की त्याच्यावर देशी मालापेक्षा जास्त कर लावायचा नाही आणि विक्री, वाहतूक, वापर यांचे नियमही त्याला अधिक जाचक ठेवायचे नाहीत. म्हणजे आपलं आणि परकं यांतही भेद नको.

आता टायरांकडे येऊ. नक्षी झिजून गुळगुळीत झालेल्या टायरचा सांगाडा, म्हणजे केसिंग, धड असेल तर त्यावर नवं रबर चढवतात. आपण त्याला रिमोल्ड टायर म्हणतो. ट्रकच्या टायरवर असं रबर पुन्हा पुन्हा चढवता येतं. मोटारीच्या टायरवर मात्र ते सुरक्षितपणे एकदाच चढवता येतं. ब्राझीलचा सगळा युक्तिवाद या एका तांत्रिक मर्यादेवर उभा होता. नवा टायर देशात आला तर त्याला निदान एक जन्म शिल्लक असतो. परदेशातून रिमोल्ड केलेलाच टायर आला, तर त्याचा दुसरा जन्म चालू असतो आणि तो लवकर कचऱ्यात जातो. म्हणून ब्राझीलचं म्हणणं होतं की असे टायर आयात करणं म्हणजे दुसऱ्याचा कचरा थोड्या उशिरानं आपल्या अंगणात घेणं. जुन्या टायरांच्या ढिगात डास होतात आणि ढिगाला आग लागली तर ती दिवसेंदिवस विझत नाही, विषारी धूर सोडत राहते. शिवाय युरोपनं स्वतः कचराभूमीत अख्खे टायर पुरायला 2003 पासून बंदी घातली होती, तुकडे केलेले टायर पुरायला 2006 पासून. जुने टायर बाहेर गेले तर युरोपला ते हवंच होतं, हा संशय ब्राझीलनं बोलून दाखवला.

ब्राझीलनं 2000 साली वापरलेल्या आणि रिमोल्ड टायरांना आयात परवाने देणं बंद केलं. पुढच्या वर्षी आयात रिमोल्ड टायर आणणं, विकणं, वाहून नेणं, साठवणं यासाठी दर टायरमागे 400 रिआलचा दंड ठेवला. रिओ ग्रांदे दो सुल या दक्षिणेकडच्या राज्यानं त्यावर कडी केली. परदेशी रिमोल्ड टायर विकायचा असेल तर एकामागे ब्राझीलमधले दहा जुने टायर नष्ट केल्याचा पुरावा द्या, असा कायदा तिथं झाला. देशी रिमोल्ड टायर विकणाऱ्याला अशी अट नव्हती. कलम 3 चा भंग कसा दिसतो, याचं इतकं उघडं उदाहरण शोधूनही सापडणार नाही. पॅनेलनं तो भंग ठरवायला फार वेळ घेतला नाही.

मुख्य आयातबंदीचं तसं नव्हतं. आयातीवर सरसकट बंदी घालायला गॅट करारात मनाई आहे, हे ब्राझीलनंही नाकारलं नाही. त्यानं आधार घेतला तो कलम 20 चा, सर्वसाधारण अपवादांचा. या कलमात दहा कारणं दिली आहेत. सार्वजनिक नीतिमत्ता, माणसांचं, प्राण्यांचं आणि वनस्पतींचं जीवित व आरोग्य, संपत चाललेल्या नैसर्गिक साधनांचं रक्षण ही त्यांतली जास्त वापरली जाणारी. या कारणांसाठी देशाला नियम मोडता येतात. पण त्याला दोन पायऱ्या चढाव्या लागतात आणि बहुतेक देश घसरतात ते दुसऱ्या पायरीवर.

पहिल्या पायरीवर प्रश्न असा, की आरोग्यासाठी हा उपाय खरंच आवश्यक होता का? इथं तीन गोष्टी जोखल्या जातात: उद्दिष्ट किती मोलाचं, उपायाचा त्याला हातभार किती आणि व्यापाराला अडथळा किती. मग तक्रारदार सुचवतो त्या पर्यायांशी तुलना होते. युरोपनं पर्याय सुचवले: टायर नीट पुरा, सिमेंटच्या भट्ट्यांत जाळा, त्यांचा भुगा करून रस्त्यांत वापरा. पॅनेलनं त्यांतला एकेक तपासला. पुरलेल्या टायरांचे धोके राहतातच, जाळल्यास धूर होतो, भुग्याला मागणी मर्यादित आणि खर्च मोठा. शिवाय हे उपाय कचरा झाल्यावर करायचे आहेत, बंदीमुळे तो कचरा मुळात होतच नाही. बंदीनं नेमके किती टायर वाचले किंवा किती रुग्ण टळले याचा आकडा ब्राझीलनं द्यायलाच हवा, असंही पॅनेलनं म्हटलं नाही. तर्कानं हातभार दाखवता आला तरी चालेल, ही भूमिका अपील मंडळानं उचलून धरली. आरोग्याचे उपाय फळ द्यायला वर्षं घेतात, त्यामुळे गरीब देशांसाठी ही मोठी गोष्ट होती. पहिली पायरी ब्राझील चढला.

दुसरी पायरी कलम 20 च्या सुरुवातीच्या परिच्छेदात आहे. कारण कितीही खरं असो, उपाय राबवताना सारखीच परिस्थिती असलेल्या देशांमध्ये मनमानी किंवा असमर्थनीय भेदभाव होता कामा नये आणि तो व्यापारावरचा छुपा निर्बंधही नसावा, असं तिथं लिहिलं आहे. बारकाईनं पाहिलं तर दारातून बाहेर ठेवलेली ती दोन्ही बंधनं इथं खिडकीतून परत आत येतात.

आणि ब्राझीलच्या बंदीला एक भोक होतं. ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे आणि पॅराग्वे हे मेर्कोसुर नावाच्या व्यापारगटात आहेत. उरुग्वेनं गटाच्या लवादाकडे धाव घेतली आणि जानेवारी 2002 मध्ये निकाल ब्राझीलच्या विरोधात गेला. ब्राझीलनं तो पाळला, पण फक्त मेर्कोसुरपुरता. उरुग्वेचा रिमोल्ड टायर आत, युरोपचा बाहेर. डासाला उरुग्वेचा टायर आणि जर्मनीचा टायर यांत काय फरक?

यावर पॅनेल आणि अपील मंडळ यांची मतं फाटली. पॅनेल म्हणालं, मेर्कोसुरमधून येणारे टायर थोडे आहेत, त्यानं बंदीचा हेतू फारसा बिघडत नाही. शिवाय ब्राझील मनाला येईल तसं वागला नाही, लवादाच्या आदेशामुळे वागला. अपील मंडळानं 3 डिसेंबर 2007 च्या अहवालात हे दोन्ही उलटवलं. भेदभाव किती टायरांपुरता झाला हा प्रश्नच नाही, तो कशासाठी झाला हा आहे. ज्या हेतूसाठी बंदी घातली, त्या हेतूशी भेदभावाच्या कारणाचा काही संबंध हवा. लवादाचा आदेश पाळणं हे वाजवी कारण असेल, पण त्याचा आरोग्याशी संबंध नव्हता, उलट ते आरोग्याच्या विरुद्ध जात होतं. माझ्या मते अपील मंडळाचं बरोबर होतं. ब्राझील कात्रीत सापडला हे खरं, पण कात्री त्यानंच उघडून ठेवली होती. मेर्कोसुरच्या लवादापुढे त्यानं आरोग्याचा मुद्दा मांडलाच नव्हता.

दुसरं भोक याहून मोठं होतं. ब्राझीलमधल्या रिमोल्ड कारखानदारांना स्वस्त, धड केसिंग हवी होती. ते स्थानिक न्यायालयांत गेले आणि हंगामी आदेश मिळवून वापरलेले टायर परदेशातून आणू लागले. म्हणजे युरोपचा रिमोल्ड टायर बंद, पण युरोपचंच केसिंग आणून ब्राझीलमध्ये रबर चढवलं की तो टायर चालतो! कचरा तितकाच, फायदा मात्र देशी कारखान्याचा. छुपा निर्बंध ओळखायचा तो असा: उपायाचा खर्च परक्यावर पडतो आणि ज्या धोक्याचं नाव घेतलं तो धोका जागच्या जागी राहतो. आदेश आमच्या न्यायालयांचे होते, सरकारचे नव्हे, हा बचाव टिकला नाही. जागतिक व्यापाराच्या कायद्यात न्यायालयही राज्यसंस्थेचाच भाग धरलं जातं.

भारतालाही या अपवादांची चव कळली आहे. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियानात वीज विकणाऱ्या कंपन्यांना देशी बनावटीचे सौर घट वापरण्याची अट होती. अमेरिकेनं कलम 3 खाली तक्रार केली. देशात घटांचा तुटवडा आहे, म्हणून कलम 20 लागू होतं, असं भारत म्हणाला. सप्टेंबर 2016 मध्ये अपील मंडळानं उत्तर दिलं की तुटवडा मोजताना फक्त देशी उत्पादन धरता येत नाही, आयात करून मिळणारा मालही धरायचा. भारताचा बचाव पहिल्याच पायरीवर संपला.

ब्राझीलचं पुढे काय झालं? हरलेल्या देशाला बंदी उठवावी लागते, असा आपला समज असतो. पण निकालानं बंदी वाईट ठरवली नव्हती, तिच्यातली भोकं वाईट ठरवली होती. जून 2009 मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयानं वापरलेल्या टायरांवरची आयातबंदी घटनेला धरून आहे असा निवाडा दिला आणि खालच्या न्यायालयांच्या हंगामी आदेशांचा रस्ता बंद केला. त्याच वर्षी सरकारनं जाहीर केलं की वापरलेल्या आणि रिमोल्ड टायरांना, ते कुठल्याही देशाचे असोत, नवे आयात परवाने मिळणार नाहीत. युरोप खटला जिंकला, त्याचे टायर बाहेरच राहिले आणि सोबत उरुग्वेचेही अडले.