मावशीसाठी लिहिलेला कागद

माझी मोठी मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. शाळा चौथीपर्यंत. वाचते, पण ओळीखाली बोट धरून, शब्द पुटपुटत. तिच्या गोळ्यांसाठी मी एक कागद टाइप करून दिला होता. त्यातलं वाक्य असं होतं:

‘सकाळी उठल्यानंतर चहापूर्वी थायरॉइडची गोळी घेऊन अर्ध्या तासाने चहा घ्यावा व नाश्त्यानंतर रक्तदाबाची गोळी घ्यावी, मात्र गुडघ्याची गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही.’

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यात होतं. पण कागदावर शेवटची ओळ ‘घ्यायची’ या शब्दावर संपली आणि ‘नाही’ खालच्या ओळीत गेलं. मावशीने बोट ओळीच्या टोकापर्यंत नेलं, तिथे थांबली आणि गुडघ्याची गोळी उपाशीपोटी घेतली. दिवसभर पोटात आग. चूक तिची नव्हती. तिने वाचलेली ओळ स्वतःत पूर्ण होती, फक्त अर्थ उलटा होता.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. भरभर वाचणाऱ्याची नजर पुढे धावते आणि ‘नाही’ आधीच टिपते. सावकाश वाचणाऱ्याला मात्र ते सापडेपर्यंत मागचं सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. म्हणून अशा कागदावर नकार शक्यतो वापरूच नये. काय करायचं तेच सांगावं: ‘आधी जेवण. मग गोळी.’ नकार टाळता येत नसेल, तर ओळ एवढी आखूड ठेवावी की ‘नाही’ त्याच ओळीत बसेल.

दुसरी अडचण जोडून येणाऱ्या शब्दांची. ‘जेवणाआधी’ आणि ‘जेवणानंतर’ दोन्ही ‘जेवणा’नेच सुरू होतात. हळू वाचणारी व्यक्ती बऱ्याचदा सुरुवात वाचते आणि उरलेला शब्द अंदाजाने पुरा करते. फरक मात्र नेमका शेपटीत असतो. ‘आधी’ आणि ‘मग’ सुटे करून ओळीच्या सुरुवातीला आणले की अंदाजाला जागा राहत नाही.

मग मी कागद पुन्हा केला:

सकाळी उठल्यावर
छोटी पांढरी गोळी. एक.
नुसत्या पाण्याबरोबर.
अर्ध्या तासाने चहा.

नाश्ता झाल्यावर
गुलाबी गोळी. एक.

गुडघे दुखले तरच
आधी जेवण.
मग पिवळी गोळी. अर्धी.

‘अर्धी’ हे अक्षरांत लिहिलं आहे. ‘1/2’ असं लिहिलं की कोणी ‘एक किंवा दोन’ असं वाचू शकतं. आकड्यांचा आणखी एक घोळ आहे. मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि मराठी ४ हा इंग्रजी 8 सारखा. एकाच कागदावर दोन्ही पद्धती आल्या की गफलत होणारच. थोडेच आकडे असतील, तर ते शब्दांत लिहिणं सर्वांत बरं.

टाइप मी वीस पॉइंटचा घेतला. देवनागरीत वेलांटी, मात्रा, उकार यांनाही त्याच मापात जागा द्यावी लागते. त्यामुळे मधलं अक्षर त्याच मापाच्या इंग्रजीपेक्षा लहान दिसतं. ओळींमधलं अंतर दीडपट ठेवलं, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला भिडतो. ठळक टाइप फक्त मथळ्यांना. सगळंच ठळक केलं तर ‘ब’च्या पोटातली रेघ शाईत बुडते आणि तो ‘व’ वाटतो. कागद लॅमिनेट केला नाही, कारण ट्यूबलाइटखाली तो चमकतो आणि तेवढी अक्षरं दिसेनाशी होतात.

रंगावर विसंबण्याला मर्यादा आहे. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली की गुलाबीची पांढरी होते. म्हणून प्रत्येक मथळ्याशेजारी रिकाम्या पाकिटाचा नाव असलेला तुकडा चिकटवला आणि कोपऱ्यात तारीख घातली. गोळी बदलली की कागदही बदलायचा.

कागद झाल्यावर ‘समजलं का?’ असं विचारून काही कळत नाही. मावशी आपल्याला बरं वाटावं म्हणून ‘हो’ म्हणते. म्हणून मी तिला मोठ्याने वाचायला लावलं आणि विचारलं, “मावशी, उद्या सकाळी काय काय करशील? सांग बरं.” उठल्यावरची गोळी तिने बरोबर सांगितली, चहाही सांगितला. गुलाबी गोळीचं नावच काढलं नाही.

“आणि नाश्ता झाल्यावर?”

“अगं, मी कुठे नाश्ता करते? पोहे-बिहे मला पचत नाहीत. दहाला भाकरी खाते, तेवढीच न्याहारी.”

मी ‘नाश्ता’ खोडलं आणि तिच्यासमोरच पेनाने लिहिलं: ‘दहाची भाकरी खाल्ल्यावर’.