पोस्ट आधी लिहिली, शिबिर पुढे गेलं

वॉकर, व्हीलचेअर, फाउलर कॉट अनामत घेऊन वापरायला देणारं एखादं वस्तीतलं केंद्र डोळ्यांसमोर आणा. वर्षातून दोनदा रक्तदान शिबिर, अधूनमधून मदतीचं आवाहन, आणि फेसबुक-इन्स्टाग्रामचा सगळा भार एका कार्यकर्त्याच्या मोबाइलवर. तो गावी गेला की पान गप्प. अशा संस्थेनं पोस्ट आधी लिहून ठरल्या वेळी आपोआप जातील अशी सोय करायची म्हटली, तर महिनाभर पुरतो. मेटा बिझनेस सुट हे साधन त्यासाठी फुकट मिळतं आणि ते शिकायला एक दुपार लागते. बाकीचे दिवस वेगळ्याच कामात जातात.

ते काम म्हणजे पोस्टची निवड. लिहिणं आणि प्रसिद्ध होणं यांत दहा-बारा दिवसांचं अंतर पडलं, की मधल्या काळात परिस्थिती बदलू शकते. म्हणून पहिल्या आठवड्यात कुठलंही साधन उघडू नका. मागच्या तीन महिन्यांच्या पोस्ट वहीत उतरवा आणि प्रत्येकीपुढे लिहा, पंधरा दिवसांनी ही खरी राहील का? ‘पुरुषांना दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं, स्त्रियांना चार महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं’ ही माहिती कधीही चालते. ‘दोन व्हीलचेअर शिल्लक आहेत’ ही संध्याकाळपर्यंतही टिकेल याचा भरवसा नाही. ‘अमुक रुग्णालयात रक्त हवं आहे’ ही तर शेड्युल करायचीच नाही. रक्त मिळून गेल्यावर फिरत राहिलेला निरोप नातेवाइकांना उगाच फोन आणतो. पहिल्या जातीच्या पोस्ट यंत्राच्या, शेवटच्या दोन माणसाच्या.

दुसरा आठवडा किल्ल्यांचा. पान कुणी तरी वैयक्तिक खात्यावरून सुरू केलेलं असतं आणि पूर्ण ताबा त्या एकाकडेच असतो. त्याचं खातं बंद पडलं, की पान परत मिळवताना नाकी नऊ येतात. तेव्हा निदान दोन विश्वासू माणसांना पूर्ण ताबा द्या, बाकीच्यांना फक्त पोस्ट टाकण्यापुरता. दोघांनीही दुहेरी पडताळणी चालू करावी. इन्स्टाग्रामचं खातं वैयक्तिक असेल तर ते प्रोफेशनल करून फेसबुक पानाला जोडावं लागतं. पासवर्ड बदलला की अशी जोडणी कधी कधी तुटते आणि ठरलेली पोस्ट जातच नाही, पण कुणी आरडाओरडा करत नाही. त्यामुळे ठरल्या वेळेनंतर पान उघडून बघणारा एक माणूस नेमावाच लागतो.

तिसऱ्या आठवड्यात फक्त टिकाऊ पोस्ट लावा, आठवड्याला तीन पुरे. केंद्र संध्याकाळी सहा ते आठ उघडं असेल तर पोस्ट साडेपाचला जाऊ द्या. सकाळी सातला टाकली तर फोन येतील आणि उचलायला कुणी नसेल.

तारखेला बांधलेल्या पोस्ट चौथ्या आठवड्यात घ्या, कारण खरी परीक्षा तिथे आहे. समजा, रविवारी शिबिर आहे. सात दिवस आधी एक, शनिवारी एक, रविवारी सकाळी एक आणि रात्री आभाराची एक, अशा चार पोस्ट लावल्या. गुरुवारी रक्तपेढीनं कळवलं, की पथक येऊ शकत नाही, पुढचा रविवार घ्या. कार्यकर्ते फोनाफोनीत गुंततात, शनिवारची पोस्ट आपली निघून जाते आणि रविवारी लोक हॉलच्या बंद दारासमोर उभे. रात्री ‘सर्व रक्तदात्यांचे आभार’ही झळकतं! म्हणून आभार कधीच आधी लावू नयेत. आणि कार्यक्रमाच्या वहीत तारखेसमोरच लिहावं, की याच्या इतक्या पोस्ट लागल्या आहेत. तारीख बदलणाऱ्यानंच त्या प्लॅनरमध्ये जाऊन थांबवायच्या. महिना संपण्याआधी हे एकदा मुद्दाम करून बघा: एक खोटा बदल जाहीर करा आणि दुसऱ्या ताबेदाराला, पहिल्याची मदत न घेता, सगळ्या पोस्ट थांबवायला सांगा. अर्ध्या तासात जमलं नाही, तर व्यवस्था अजून एकाच माणसाची आहे.

व्हॉट्सअॅपचा गट मात्र या सगळ्याबाहेर ठेवा. वस्तीतली माणसं खरं तर तिथेच असतात, त्यामुळे मोह होतो. पण गटात आपोआप निरोप टाकणारी बाहेरची अॅप व्हॉट्सअॅपला मान्य नाहीत आणि ती वापरल्यास नंबरच बंद होऊ शकतो. संस्थेचा नंबर जुन्या देणगीदारांपासून रुग्णांच्या घरच्यांपर्यंत सगळ्यांकडे साठवलेला असतो. तो गमावणं परवडत नाही. मजकूर आधी लिहून ठेवा, मोबाइलवर गजर लावा आणि निरोप हातानंच टाका. तेवढ्यात गटावर एखाद्याच्या निधनाची बातमी आलेली असली, तर टाकणारा थांबतो. यंत्र थांबत नाही.