हडंबा येण्याआधी नाकातला फवारा

ॲलर्जीच्या सर्दीवरची पत्रकं बहुधा गालिचे, जाड पडदे आणि घरातलं मांजर यांच्यापासून सुरू होतात. धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत यातलं काहीच नसतं. इथल्या नाकाचा मोसम ठरलेला आहे. सप्टेंबर संपता संपता सोयाबीनची काढणी सुरू होते, शेतात बनीम लागते, आणि पाऊस उघडला की हडंबा येतो. मग नवरात्रापासून दिवाळीपर्यंत कळंब, वाशी, तुळजापूर, उमरगा अशा कुठल्याही तालुक्यात गेलात तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भुसकटाचे लोट उठलेले दिसतात. याच दिवसांत सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका येणं, नाकातून पाणी गळणं, डोळे आणि टाळू खाजणं, रात्री नाक गच्च होणं सुरू होतं. लोक याला ‘हवा बदलली’ म्हणतात आणि मेडिकलमधून सर्दीची गोळी आणतात. या जिल्ह्यासाठी पत्रक लिहायचं तर ते हडंब्यापासूनच सुरू करायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

सोयाबीनच्या धुळीने काय होऊ शकतं, हे जगाला बार्सिलोना शहराने दाखवलं. १९८० च्या दशकात स्पेनमधल्या या बंदराच्या शहरात काही ठरावीक दिवशी दम्याचे रुग्ण एकाएकी मोठ्या संख्येने दवाखान्यात येत. आधी संशय कारखान्यांच्या धुरावर होता. संशोधकांनी साथीच्या दिवसांची यादी बंदरातल्या जहाजांच्या नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा ते दिवस सोयाबीन उतरवण्याच्या दिवसांशी जुळले. धान्य साठवण्याच्या एका उंच कोठाराला धूळ अडवणाऱ्या गाळण्या नव्हत्या, आणि वारा ती धूळ शहरावर आणत होता. १९८७ मध्ये गाळण्या बसवल्यावर साथी आटोक्यात आल्या. दोष दाण्याच्या टरफलातल्या बारीक प्रथिनांचा होता. सोयाबीनचं तेल किंवा वड्या आरामात खाणाऱ्यालाही ही धूळ बाधू शकते, कारण इथे वाट पोटाची नसून श्वासाची आहे.

तिथे दमा होता, आपण सर्दीविषयी बोलतो आहोत, हे खरं. पण नाक आणि फुफ्फुस एकाच वाटेवर आहेत, आणि हडंब्याच्या ड्रममध्ये शेंग फुटताना टरफलाचाही चुरा होतोच. त्यात शेतातली माती असते. परतीच्या पावसात भिजलेल्या बनीमीत बुरशी धरलेली असेल तर तिचे बीजाणूही असतात. बांधावर गाजरगवत फुलोऱ्यात असतं. हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि आज मराठवाड्यात कुठेही दिसतं. त्याचे परागकण शिंका आणतात आणि नुसता स्पर्शही कातडीला खाज आणतो. म्हणून ते फुलण्याआधी, हातमोजे घालून उपटायचं असतं. आधीच ॲलर्जी असलेल्याने हे काम दुसऱ्याला सोपवावं.

धुराची गोष्ट जरा वेगळी. चुलीतल्या तुराट्यांचा, गोवऱ्यांचा, जाळलेल्या पाचटाचा, उदबत्तीचा किंवा फटाक्यांचा धूर ही सहसा ॲलर्जी नसते. तो सुजलेल्या नाकाला सरळ झोंबतो. त्यामुळे ॲलर्जीची गोळी घेऊन चुलीपुढे बसलं तरी त्रास व्हायचाच. ज्या घरात गॅस आला आहे पण पाणी तापवायला आणि भाकरीला अजून चूलच पेटते, त्या घरातल्या बाईचं नाक औषधाने सुधारत नाही, तेव्हा औषध बदलण्याआधी चूल पडवीत हलवता येते का ते पाहावं.

आता समजा, कळंब तालुक्यातला एक पस्तिशीचा माणूस आहे. तो दर हंगामात हडंब्यावर पोती धरतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी शिंका सुरू होतात. गावातून आणलेल्या गोळीने शिंका थांबतात, पण त्याला गुंगी येते. तिसऱ्या रात्री नाक चोंदतं, म्हणून तो नाकात थेंब टाकतो. पाच मिनिटांत नाक मोकळं होतं आणि त्याला वाटतं, औषध सापडलं. दिवाळीपर्यंत तो दर चार तासांनी थेंब टाकतो आहे आणि बाटली जवळ नसेल तर त्याला झोप येत नाही. मग कुणीतरी त्याला डॉक्टरांकडे नेतं. तिथे लिहून दिलेला नाकाचा स्प्रे तो दोन दिवस मारतो, काहीच फरक पडत नाही म्हणून फळीवर ठेवतो आणि पुन्हा थेंबांकडे वळतो.

या माणसाचं कुठे चुकलं हे कळायला नाकात काय घडतं ते पाहावं लागेल. धुळीतलं प्रथिन नाकाच्या आतल्या अस्तराला लागलं की काही मिनिटांत तिथल्या पेशी हिस्टामिन सोडतात. शिंका, खाज, पाणी हे त्याचं काम. चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते. सूज आणणाऱ्या पेशी गोळा होतात, अस्तर फुगतं आणि नाक बंद होतं. म्हणून दिवसभर मळणी केलेल्याचं नाक रात्री चोंदतं. गोळी पहिल्या लाटेवर चालते, दुसरीवर तिचा जोर कमी पडतो. सूज उतरवतो तो स्टिरॉइडचा स्प्रे: फ्लुटिकासोन, मोमेटासोन किंवा बुडेसोनाइड. पण तो सावकाश काम करतो. थोडा फरक अर्ध्या दिवसात जाणवू शकतो, पूर्ण गुण यायला एक ते दोन आठवडे रोज घ्यावा लागतो. दोन दिवसांत सोडलेला स्प्रे म्हणजे न घेतलेला स्प्रे.

यातूनच धाराशिवपुरतं एक वेळापत्रक निघतं. ज्याला दरवर्षी मळणीत त्रास होतो, त्याने सोयाबीनची पानं पिवळी पडू लागली की डॉक्टरांना विचारून स्प्रे सुरू करावा. पानं गळून, काढणी होऊन हडंबा येईपर्यंत साधारण दोन आठवडे मिळतात, आणि तेवढेच लागतात.

स्प्रे मारायची रीत मात्र कुणीतरी एकदा दाखवून द्यावी लागते. बाटली हलवायची. नवी असेल तर हवेत पाच-सहा वेळा दाबायची, धुक्यासारखा बारीक फवारा येईपर्यंत. बरेच दिवस वापरली नसेल तरीही तसंच. आधी नाक शिंकरून मोकळं करायचं. मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे झुकवायची. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात, डाव्या नाकपुडीसाठी उजव्या हातात धरायची. असं केलं की टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. पाठीवरच्या पंपाचा नोझल वाकडा धरला तर औषध पानावर न पडता मातीत जातं, हे तो जाणतो. दाबताना हळूच श्वास आत घ्यायचा, जोरात ओढायचा नाही. मोठ्या माणसाला बहुधा सुरुवातीला प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे, दिवसातून एकदा, आणि आराम पडला की एकेक. लहान मुलांचा डोस डॉक्टरच ठरवतील. शेवटी टोक पुसून झाकण लावायचं.

चुकतंय हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. घशात कडवट चव आली तर मान मागे आहे किंवा श्वास जोरात ओढला गेला आहे. औषध नाकात न राहता पोटात चाललं आहे. नाकातून रक्ताचा ठिपका आला किंवा आत खपली धरली तर टोक मधल्या पडद्याकडे रोखलेलं आहे. दोन दिवस थांबून दिशा सुधारावी. रक्त येतच राहिलं तर दाखवावं. बाटलीवर किती फवाऱ्यांची आहे ते लिहिलेलं असतं. तेवढे झाले की आत थोडं उरलेलं दिसलं तरी प्रत्येक दाबात औषध पूर्ण येईल याची खात्री नसते.

स्टिरॉइड म्हटलं की लोक दचकतात, आणि ती भीती उगाच आलेली नाही. ‘सर्दी मुळापासून जाते’ म्हणून दर हंगामात टोचलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन किंवा विचारल्याशिवाय महिनोन्‌महिने घेतलेली गोळी साखर वाढवते, हाडं ठिसूळ करते. स्प्रेमधलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. फ्लुटिकासोन आणि मोमेटासोन यांचा रक्तात पोचणारा भाग तर दोन टक्क्यांच्याही आत असतो. जी भीती इंजेक्शनची बाळगायला हवी, ती लोक स्प्रेची बाळगतात, याचं मला फार वाईट वाटतं. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असलेल्याने मात्र डॉक्टरांना तसं आधीच सांगावं.

थेंबांचं उलटं आहे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून लगेच मोकळं वाटतं. पण तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरलं की औषध उतरताच रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. कळंबच्या त्या माणसाचं दिवाळीतलं चोंदलेलं नाक धुळीमुळे कमी आणि थेंबांमुळे जास्त होतं. सुटका एका नाकपुडीपासून करता येते: डॉक्टरांच्या सल्ल्याने स्प्रे दोन्हीकडे रोज चालू ठेवायचा, थेंब आधी एका बाजूचे बंद करायचे, आठवड्याभराने ती बाजू मोकळी राहू लागली की दुसऱ्या बाजूचे. पहिले काही दिवस त्रासाचे जातात, हे आधीच सांगितलेलं बरं.

आणि त्याची गोळी? सर्दीच्या स्वस्त गोळ्यांत बहुधा क्लोरफेनिरामिन असतं, आणि ते गुंगी आणतं. फिरत्या हडंब्यात हात घालून पेंढ्या सारणाऱ्याने किंवा रात्री मोटारसायकलवर गावी परतणाऱ्याने ती घेणं धोक्याचं आहे. हात गमावलेली माणसं या भागाला नवी नाहीत. फेक्सोफेनाडिन किंवा लोराटाडिनने गुंगी फारशी येत नाही. सेटिरिझिनने काहींना येते. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबर घ्यावं, फळांच्या रसाबरोबर घेतलं तर ते कमी शोषलं जातं. मॉन्टेलुकास्ट जोडलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास दिल्या जातात. त्या औषधामुळे काहींना भयानक स्वप्नं पडतात, उदासी येते, वागण्यात बदल होतो. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. मूल ही गोळी सुरू झाल्यावर एकाएकी चिडचिडं झालं तर ते आठवावं.

औषधाइतकंच महत्त्व उभं राहण्याच्या जागेला आहे. हडंबा लावतानाच भुसकटाचा झोत वाऱ्याच्या दिशेने जाईल असा लावावा आणि माणसांनी वाऱ्याकडच्या बाजूला राहावं. तोंडाला बांधलेला रुमाल मोठी कुसं अडवतो, बारीक धूळ त्यातून जाते. नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क ती बरीच अडवतो. मजुराने तो स्वतःच्या मजुरीतून घ्यावा, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही. हडंब्याचा दर ठरवताना मास्कही त्यात धरावेत. संध्याकाळी घरात शिरण्याआधी कपडे बाहेर काढून, डोक्यावरून अंघोळ करावी, नाहीतर ती धूळ गोधडीत शिरते आणि रात्रभर नाकाशी राहते. त्यानंतर उकळून कोमट केलेल्या पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून नाक धुवावं. पाणी उकळलेलंच हवं, कारण न उकळलेल्या पाण्यातला एक दुर्मीळ अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. नाक धुतल्यावर थोड्या वेळाने स्प्रे मारावा, म्हणजे तो वाहून जात नाही.

शिंकांबरोबर छातीत घरघर, रात्री खोकल्याने जाग किंवा चालताना दम लागत असेल, तर ते नुसतं नाक राहिलेलं नाही. छाती तपासून घ्यायला हवी. एकाच नाकपुडीत चोंदणं, वारंवार रक्त, घाण वास किंवा ताप यांची कारणं वेगळी असतात. हे काही नसेल, तर शेवटचं पोतं घरी येऊन धूळ बसल्यावर डॉक्टरांना विचारून फवारे एकेकावर आणून बंद करता येतात. तोवर बहुतेकांचं नाक निवळतं. ते निवळलं नाही, तर कारण घरात शोधावं: बंद खोलीत ठेवलेलं धान्य, ओल धरलेली भिंत, आणि पावसाळ्यापासून उन्हात न टाकलेल्या गोधड्या.