विश्लेषण : बाळ काचेच्या पेटीत, विमा आईचा, एनआयसीयूचे पैसे मिळतात कसे?

मुदतीआधी जन्मलेल्या बाळाच्या नावावर पहिल्या दिवशी विमा नसतो, अनेकदा नावही नसते. म्हणून त्याच्या अतिदक्षता उपचारांचा दावा आईच्या पॉलिसीवर होतो. पण किती रक्कम मिळणार, हे पॉलिसीतील एका वाक्यावर ठरते.

ते वाक्य कोणते?

समजा, ३१व्या आठवड्यात सिझेरियन झाले. बाळाचे वजन १४०० ग्रॅम. आईचे बिल ९५ हजार. बाळ २४ दिवस एनआयसीयूत राहिले. रोजचे १२ हजार, म्हणजे २ लाख ८८ हजार. फुप्फुसांसाठीचे सर्फॅक्टंट, औषधे व तपासण्या १ लाख १२ हजार. बाळाचे बिल झाले ४ लाख.

आईच्या कंपनीची सामूहिक पॉलिसी ५ लाखांची असून प्रसूतीची मर्यादा ७५ हजार आहे. नवजात बाळाचा खर्च ‘प्रसूती मर्यादेच्या आत’ असेल, तर दोघांचे मिळून ७५ हजारच मिळतील. ‘पहिल्या दिवसापासून, कुटुंबाच्या विमा रकमेत’ असे लिहिले असेल, तर आईचे ७५ हजार आणि बाळाचे ४ लाख वेगवेगळे धरले जातात. अर्थात हातमोजे, डायपरसारख्या वस्तूंचे पैसे त्यातून वजा होऊ शकतात.

दावा कसा करायचा?

बाळाची स्वतंत्र दाखल नोंद ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव, अशी होते. आईच्या कॅशलेस मंजुरीत बाळाचा खर्च आपोआप येत नाही. त्यासाठी वेगळा पूर्वमंजुरी अर्ज रुग्णालयाच्या विमा कक्षातून टीपीएकडे जावा लागतो. आईला चौथ्या दिवशी घरी सोडले, तरी बाळाची फाइल सुरूच राहते.

त्याच वेळी कंपनीच्या एचआर विभागाला बाळाच्या जन्माची लेखी सूचना द्यावी. पॉलिसीत नाव जोडण्याची मुदत बहुधा ३० दिवसांची असते. बाळ एनआयसीयूत असताना ती नेमकी निसटते आणि ‘बाळाची नोंद नाही’ म्हणून दावा अडतो.

दावा नाकारला तर?

नकारपत्रातील कारण आधी पाहावे. ‘प्रसूती मर्यादा संपली’ असे असेल, तर पॉलिसीतील नवजात बाळाचे कलम जोडून फेरविचार मागता येतो. डिस्चार्ज कार्डवर गर्भाचे आठवडे, वजन, निदान आणि एनआयसीयूची गरज स्पष्ट हवी. नुसते ‘निरीक्षणासाठी’ लिहिले असेल तर शंका घेतली जाते. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. लोकपालांची कार्यालये मुंबई आणि पुण्यात आहेत.

वैयक्तिक पॉलिसीचे काय?

तिथे प्रसूतीसाठी प्रतीक्षा काळ असतो. अनेक पॉलिसींत प्रसूती संरक्षणच नसते. गरोदरपणात घेतलेली अशी पॉलिसी त्या बाळंतपणाला सहसा उपयोगी पडत नाही.