शीर्षकातलं साल बदलताना

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, की नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागणार नाही. ती डोक्यात ठेवून त्याच वर्षी पावसाळ्यात जो विवरणपत्र भरायला बसला, त्याची गफलत ठरलेली होती. तो भरत होता २०२४-२५ या आर्थिक वर्षाचं विवरणपत्र, आणि त्या वर्षासाठी करमाफीची मर्यादा सातच लाखांची होती. बारा लाखांची सवलत पुढच्या वर्षाच्या उत्पन्नापासून लागू झाली. अशा वेळी माणूस मोबाइलवर शोधतो, ‘आयटीआर कसा भरावा २०२५’. समोर पाच मार्गदर्शक लेख येतात, पाचांच्याही शीर्षकात २०२५ असतं आणि त्यातलं २०२५ म्हणजे नेमकं काय, ते एकही सांगत नाही.

विवरणपत्र भरण्याची रीत शिकवणारा लेख हा दरवर्षी कामाला येणारा प्रकार आहे. लॉग-इन, फॉर्म १६ जुळवून पाहणं, बँक खात्याची खातरजमा, शेवटी ई-व्हेरिफिकेशन, असा त्याचा सांगाडा वर्षानुवर्षं तोच राहतो. बदलतात त्या मर्यादा, तारखा आणि फॉर्ममधले रकाने. म्हणून लिहिणारे दर हंगामात नवा लेख लिहीत नाहीत, जुनाच दुरुस्त करून शीर्षकातलं साल बदलतात. त्यात गैर काहीच नाही. पण हे काम वाटतं तितकं एका आकड्याचं नसतं.

आधी पत्त्याचं पाहू. लेखाचं शीर्षक आणि त्याचा इंटरनेटवरचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचक जोडलेला असतो तो पत्त्याशी. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेली लिंक, कुणी जपून ठेवलेला बुकमार्क, दुसऱ्या संकेतस्थळांनी दिलेले दुवे आणि गुगलकडे त्या पानाची जमलेली पत, सगळं पत्त्यावर उभं असतं. त्यामुळे पत्त्यात साल घालूच नये. `/itr-1-kasa-bharava` असा पत्ता दहा वर्षं चालतो. `/itr-1-2023` हा पुढच्याच हंगामात शिळा होतो, आणि तो बदलून नवा घेतला की जुन्या लिंकवर येणाऱ्याला ‘पान सापडत नाही’ एवढंच दिसतं. ही चूक आधीच झालेली असेल, तर जुन्या पत्त्यावर कायमस्वरूपी वळण लावावं लागतं. अपाचे सर्व्हर असेल तर त्यासाठी एक ओळ पुरते:

```
Redirect 301 /itr-1-2023 /itr-1-kasa-bharava
```

येणारा माणूस आपोआप चालू पानावर पोहोचतो आणि शोधयंत्रालाही कळतं, की बिऱ्हाड कायमचं हललं आहे.

पत्ता स्थिर झाला की मग शीर्षक. ते दोन जागी असतं. एक ब्राउझरच्या टॅबवर आणि शोधनिकालात दिसणारं, दुसरं पानावर मोठ्या अक्षरात छापलेलं. घाईत एक बदललं जातं आणि दुसरं तसंच राहतं. गुगलच्या मार्गदर्शिकेत नेमकं हेच उदाहरण दिलं आहे: विद्यापीठाच्या प्रवेशाच्या पानावर ठळक मथळा २०२१ चा, पण आतल्या शीर्षकात अजून २०२०. अशी विसंगती दिसली, तर गुगल शोधनिकालात स्वतःच्या अंदाजाने शीर्षक दाखवू शकतं. लिहिणाऱ्याने विचारपूर्वक ठरवलेले शब्द मग बाजूला पडतात.

ते शब्द शक्यतो हलवू नयेत. ‘आयटीआर-१ कसा भरावा?’ हा भाग ओळखीचा असतो. त्यावरूनच नेहमीचा वाचक लेख ओळखतो आणि साल न घालता शोधणाराही तिथेच येतो. साल शेपटीला राहू द्यावं आणि दरवर्षी तेवढीच शेपटी बदलावी.

ती कधी बदलायची? पुष्कळ जण १ जानेवारीला बदलून मोकळे होतात. जानेवारीत त्या हंगामाच्या विवरणपत्राची सोयच सुरू झालेली नसते. मालकाकडून फॉर्म १६ मिळण्याची मुदत १५ जून असते आणि खरी शोधाशोध त्या सुमाराला सुरू होते. २०२५ मध्ये तर फॉर्म आणि युटिलिटीच उशिरा आल्यामुळे ३१ जुलैची मुदत आधी १५ सप्टेंबर आणि मग आणखी एक दिवस वाढवावी लागली. त्याच वर्षी आयटीआर-१ मध्ये एक मोलाची भर पडली: शेअर आणि इक्विटी म्युच्युअल फंडांवरचा सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन भांडवली नफा या सोप्या फॉर्मातच दाखवता येऊ लागला. ज्याने जानेवारीत नुसतं साल बदललं, त्याच्या लेखात ‘असा नफा असेल तर आयटीआर-२ भरा’ हेच वाक्य राहिलं असणार. नवा फॉर्म उघडून, प्रत्येक स्क्रीनशॉट ताडून, मर्यादा दुरुस्त करून झाल्यावरच शीर्षकाला हात लावावा. हे काम अर्धवट राहिलं, तर जुनं साल दाखवणारा लेख परवडला. तो निदान खोटं बोलत नाही.

व्हिडिओची गोष्ट जरा वेगळी. यूट्यूबवर शीर्षक हवं तेव्हा बदलता येतं. पाहणाऱ्यांची संख्या आणि लिंक दोन्ही तशीच राहतात. आतलं चित्रीकरण मात्र बदलून दुसरं घालता येत नाही. जून २०२१ मध्ये आयकर विभागाचं पोर्टल नव्या रूपात, नव्या पत्त्यावर आलं. त्याआधीच्या व्हिडिओला पुढचं साल चिकटवलं, तर प्रेक्षकाला आता अस्तित्वातच नसलेला पडदा दिसणार आणि तो अर्ध्या मिनिटात निघून जाणार. तिथे नवा व्हिडिओ करण्याला पर्याय नाही. जुन्याचा उपयोग वाटाड्या म्हणून होतो: वर्णनाच्या पहिल्याच ओळीत नव्याची लिंक द्यायची आणि शीर्षकात जुनं साल स्पष्ट ठेवायचं.

मागच्या सालाचे वाचक संपले, असंही नसतं. मुदत चुकलेल्यांना ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित विवरणपत्र भरता येतं आणि अद्ययावत विवरणपत्राची खिडकी आता चार वर्षं उघडी असते. त्यांना जुनेच आकडे हवे असतात. सॉफ्टवेअरच्या जगात या प्रश्नाचं उत्तर केव्हाच मिळालं आहे. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या माहितीपुस्तिकेत `/docs/current/` वर कायम ताजी आवृत्ती असते, आणि `/docs/16/` वर सोळावी आवृत्ती वापरणाऱ्यांसाठी तिचीच पानं राहतात. पानाच्या माथ्यावर एका आवृत्तीतून दुसरीत जायची सोय आहे. करलेखालाही हे जमतं. चालू लेख बिनसालाच्या पत्त्यावर ठेवायचा आणि दुरुस्तीआधी त्याची प्रत `/itr-1-kasa-bharava/2024-25` अशा पत्त्यावर काढायची. इथे मात्र पत्त्यात साल हवंच, कारण त्या पानाचं साल कधी बदलणार नाही.

राहिले व्हॉट्सॲपवाले. आधी पाठवलेल्या संदेशात लिंकखाली जे शीर्षक उमटलेलं असतं, ते मागाहून बदलत नाही. वाचक जुनं साल पाहून लिंक दाबतो आणि नव्या सालाच्या लेखात येऊन पडतो. त्याच्यासाठी लेखाच्या माथ्यावर एक ओळ हवी: हा लेख कुठल्या उत्पन्नासाठी आहे आणि त्याआधीच्या वर्षाचा कुठे सापडेल.

पुढचा पेच २०२६-२७ या आकड्याचा आहे. आयकरात आजवर दोन वर्षं नांदत आली: कमाईचं ते आर्थिक वर्ष आणि त्याच्या पुढचं ते आकारणी वर्ष. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या आयकर कायद्यात आकारणी वर्ष जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलं आहे. मात्र २०२५-२६ च्या कमाईचं विवरणपत्र जुन्याच कायद्याने, आकारणी वर्ष २०२६-२७ म्हणून भरायचं. त्यानंतरच्या हंगामात भरायचं ते कर वर्ष २०२६-२७ चं, म्हणजे २०२६-२७ मध्ये झालेल्या कमाईचं. लागोपाठच्या दोन हंगामांत आकडा तोच आणि उत्पन्न वेगळं. नुसती ‘२०२६-२७’ ही शेपटी लावणाऱ्याला दुसऱ्या वर्षी बदलायला काही उरणारच नाही. ‘एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ च्या उत्पन्नासाठी’ एवढं लांबलचक लिहिलं तर शोधनिकालात शेपूट कापली जाण्याची शक्यता आहे खरी. पण ते मोठ्या मथळ्याखालच्या पहिल्या ओळीत बसतं, आणि शीर्षकात ‘२०२५-२६ चं उत्पन्न’ एवढे शब्द पुरतात.