शिक्क्याखालचा आकडा

कचेरीतून आलेल्या पत्रात वाचण्यासारखं सगळं वरच्या चार बोटांत असतं: जावक क्रमांक, दिनांक, विषय. आणि पत्र स्वीकारणाऱ्याचा हातही नेमका तिथेच जातो, कारण जागा रिकामी दिसते. जांभळा गोल शिक्का धप्पकन बसतो आणि निम्मा जावक क्रमांक त्याच्या पोटात जातो. माणसाला ते तरीही वाचता येतं. जुन्या पत्रांचे फोटो संगणकाला देऊन त्यातून क्रमांक आणि तारखा काढून घ्यायच्या ठरल्या, की मात्र अडचण सुरू होते.

देवनागरीत ती जास्तच आहे. ‘व’च्या पोटातून सहीची एक तिरकी रेघ गेली की ‘ब’ होतो, ‘प’चा ‘ष’ होतो. शिक्क्याची कड ‘१’ला चिकटली की यंत्र खुशाल ‘९’ वाचतं. आडव्या रेघा पुसून काढणारा प्रोग्राम लावावा, तर तो शिरोरेखाच उडवतो.

माझ्यासमोरच्या एका पत्राचं उदाहरण घेऊ. छापलेला क्रमांक १२१७, दिनांक १४/०३/२०१९. शिक्का जांभळा, त्याची कमान क्रमांकाच्या तिसऱ्या आकड्यावरून गेलेली. यंत्राने वाचलं १२९७.

इथे शिक्का खोडरबराने पुसायचा मोह होतो. पण पुसताना खालचं अक्षरही जातं. त्यापेक्षा शाईच्या रंगाचा उपयोग करावा. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, ० म्हणजे काळोख आणि २५५ म्हणजे पूर्ण उजेड. या पत्रात छपाईच्या काळ्या ठिपक्याचे आकडे साधारण ४५, ४२, ४८ होते. शिक्क्याचे १२०, ७०, १६०. नेहमीच्या पद्धतीने फोटो करडा केला, की शिक्क्याचा ठिपका ९५च्या आसपास येतो. कागद असतो २३०च्या घरात, म्हणून काळं-पांढरं करताना १४०च्या आसपास रेषा आखली तर शिक्काही अक्षरांबरोबर काळा होतो. त्याऐवजी तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा ठेवला तर? काळी शाई तिन्ही रंग गिळते, म्हणून ती ४८वरच राहते. जांभळी शाई निळा रंग परत फेकते, म्हणून ती १६०वर जाते आणि त्याच रेषेच्या पलीकडे, कागदाच्या बाजूला पडते. दोन्ही शाया एकावर एक आल्या तरी काळं काळंच राहतं. म्हणजे शिक्का विरतो आणि त्याखालचा आकडा टिकतो. ओपनसीव्हीत हे एवढंच आहे:

```
img = cv2.imread("patra.png")
saaf = img.max(axis=2)
```

मात्र त्यासाठी फोटोत रंग शिल्लक हवा. झेरॉक्सवरून, किंवा मोबाइलमधल्या ‘ब्लॅक अँड व्हाइट’ फिल्टरने काढलेल्या प्रतीत शिक्का आणि अक्षर एकाच काळ्या रंगात विरघळलेले असतात, मग कोणतंही गणित त्यांना वेगळं करू शकत नाही. खूप दाबलेल्या जेपीईजी फोटोतही त्रास होतो, कारण त्यात रंगाचा तपशील बहुधा उजेडाच्या तपशिलापेक्षा भरड साठवलेला असतो. शिक्क्याचा रंग शेजारच्या अक्षरात झिरपतो, अक्षरं कडेने झिजतात. ३०० डीपीआयचा रंगीत स्कॅन हाती असेल तर निम्मं काम झालंच.

शिक्का विरला तरी त्याला टाकून देऊ नये. आवक शिक्क्यात स्वतःची तारीख असते, आणि यंत्र हमखास तीच पत्राची तारीख म्हणून उचलतं. म्हणून जांभळे ठिपके वेगळे काढून त्यातली तारीख वेगळ्या रकान्यात घ्यावी. इथे ती १९ मार्च निघाली. आवक तारीख पत्राच्या तारखेआधीची निघाली, तर दोन्हींपैकी एक चुकीची वाचली हे लगेच कळतं.

तारखेचं एक बरं असतं, ‘१४’चा ‘९४’ झाला तर तो दिवस पंचांगातच नाही. जावक क्रमांकाला असा पहारेकरी नाही, १२९७ हाही खराच वाटतो. म्हणून मी मूळ फोटो आणि साफ केलेली प्रत दोन्ही वाचवून घेतो. दोन्हींत फरक आला, तर रकाना माणसाकडे जातो. इथे मुळात १२९७ आलं, साफ प्रतीत १२१७.

सहीचं दुखणं वेगळं. निळ्या किंवा हिरव्या शाईची सही याच रीतीने बाजूला होते, पण काळ्या जेल पेनची सही छापील नावावरून आडवी गेली की रंग काही सांगत नाही. रेघेच्या जाडीवरून आणि लांबीवरून ती ओळखणारे उपाय आहेत. ते नावाचा एखादा काना-मात्रा हमखास खातात. या पत्रात अधिकाऱ्याचं पदनाम वर लेटरहेडवर होतं, ते तिथून घेतलं. नाव मात्र सहीखालीच होतं, म्हणून तो रकाना रिकामा ठेवून पत्राचा तेवढा तुकडा टंकलेखकाला दाखवला.

क्रमांकाचा निकाल नंतर लागला. त्याच कचेरीच्या पुढच्या पत्रात ‘संदर्भ’ या ओळीत आधीचा क्रमांक छापलेला होता, आणि त्यावर कुणीही शिक्का मारला नव्हता: १२१७.